चारच्या उन्हाचा पत्ता

पुण्यातल्या पेठांमधला एखादा जुना वाडा चित्रीकरणासाठी बघायचा म्हटलं, की मालक बहुधा सकाळी अकरा-साडेअकराची वेळ देतात. आंघोळ-पूजा आटोपलेली असते, जेवणाला अवकाश असतो. त्या वेळी चौकात ऊन उतरलेलं असतं, तुळशीवृंदावन उजळलेलं असतं, लाकडी खांबांच्या सावल्या फरशीवर पडलेल्या असतात. दिग्दर्शक तिथंच हरखतो. मोबाइलवर भराभर फोटो निघतात आणि जिना उतरेपर्यंत जागा मनात पक्की झालेली असते. पटकथेत मात्र लिहिलेलं असतं, 'दुपारी चार. माडीवरची खोली. खिडकीतून ऊन.' चार वाजता त्या खोलीत काय असतं, हे अजून कोणी पाहिलेलंच नसतं.

चित्रीकरणाआधी जागा पारखायला जाण्याला सिनेमावाले रेकी म्हणतात. मोठ्या सिनेमाच्या रेकीत चूक झाली तर ती पैशाने झाकता येते. जनरेटरची गाडी येते, खिडकीबाहेर परांची बांधून मोठे दिवे चढतात, संवाद नंतर स्टुडिओत डब होतात. लघुपटाला हे परवडत नाही. दहा-पंधरा माणसं, भाड्याने किंवा ओळखीवर मिळवलेला कॅमेरा, चार-पाच दिवे आणि हातात एक किंवा दोन दिवस, एवढाच संसार. त्यामुळे ऊन कुठून येतं, आवाज कसला आहे, वीज किती मिळेल आणि सामान आत कसं जाईल, हे चार प्रश्न शूटिंगच्या नेमक्या वेळेला त्या जागी जाऊनच सोडवावे लागतात. शिवाय हे प्रश्न सुटे नसतात. एकाचं उत्तर बदललं की उरलेल्या तिघांची बदलतात. ते कसं, हे एका उदाहरणावरून नीट कळेल.

समजा, बारा मिनिटांचा लघुपट आहे. त्यातला मुख्य प्रसंग आजी आणि नातवाचा. माडीवरच्या खोलीत आजी खिडकीपाशी बसली आहे, तिच्या अंगावर उन्हाचा तुकडा पडला आहे आणि वाडा पाडून तिथं इमारत बांधायचं ठरल्याचं नातू तिला सांगतो. वाडा पुण्यातलाच, खिडकी ऐन पश्चिमेला. शूटिंगची तारीख 25 जानेवारी.

पश्चिमेची खिडकी म्हणजे दुपारभर ऊन, असं कोणीही म्हणेल. पण जानेवारीत पुण्याचा सूर्य पश्चिमेला मावळतच नाही. होकायंत्रावर उत्तर शून्य धरून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर पश्चिम 270 अंशांवर येते. 25 जानेवारीला सूर्य मावळतो तो साधारण 250 अंशांवर, म्हणजे नैर्ऋत्येकडे 20 अंश सरकून. दुपारी चारला तर तो 234 अंशांच्या आसपास असतो. तेव्हा पश्चिमेच्या खिडकीत ऊन समोरून येत नाही, डाव्या अंगाने तिरकं घुसतं.

यात पुण्याच्या घड्याळाचीही एक गंमत आहे. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरून ठरते आणि पुणे आहे 73.85 अंशांवर, बरंच पश्चिमेला. त्यामुळे इथं सूर्य बाराला डोक्यावर येत नाही. जानेवारीच्या शेवटी त्याची सर्वांत उंच जागा पुण्यात पावणेएकच्या सुमारास असते. त्याच दिवशी नागपूरचा सूर्य पुण्याच्या जवळपास पंचवीस मिनिटं आधी मावळतो. विदर्भात शूटिंग करून आलेल्या छायाचित्रकाराने तिथलीच वेळापत्रकं पुण्यात लावली, तर संध्याकाळचा हिशेब चुकलाच म्हणायचा.

आता भिंत बघू. वाड्याच्या भिंती जाड. या भिंतीची जाडी दोन फूट आणि खिडकी तीन फूट रुंद, चार फूट उंच आहे असं धरू. ऊन तिरकं असल्यामुळे आधी या जाडीतच अडकतं. अडीच वाजेपर्यंत खोलीत जवळजवळ काहीच शिरत नाही. पावणेतीनला एक बारीक तिरीप दिसते, तीनला तुकडा वीतभर रुंद होतो आणि चारला हातभर. सूर्य जसा पश्चिमेकडे आणि खाली येतो, तसा तुकडा वाढत जातो. म्हणजे पटकथेतली चारची वेळ बरोबर निघाली.

बोळाच्या पलीकडे मात्र एक पाच मजली इमारत उभी आहे. तिचं वरचं टोक खिडकीच्या पातळीपेक्षा 11 मीटर उंच आणि सूर्याच्या रेषेत मोजलं तर 20 मीटर लांब. या आकड्यांवरून कोन निघतो सुमारे 29 अंश. 25 जानेवारीला चार वाजता सूर्य क्षितिजापासून साडेएकोणतीस अंश वर असतो. चार वाजून चार-पाच मिनिटांनी तो इमारतीच्या गच्चीमागे जातो आणि खोलीतलं ऊन दिवा घालवल्यासारखं जातं. सूर्यास्त अजून सव्वादोन तास दूर असतो, पण या खोलीपुरता दिवस संपलेला असतो.

हा हिशेब करायला त्रिकोणमिती आलीच पाहिजे असं नाही. हात पुढे ताठ केला तर मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. डोळ्याच्या पातळीपासून मुठीवर मूठ ठेवत इमारतीच्या टोकापर्यंत मोजायचं. इथं जवळपास तीन मुठी होतात. जानेवारीच्या दुपारी चार-पाचच्या सुमारास सूर्य तासाला बारा अंश उतरतो, म्हणजे एक मूठ उतरायला त्याला पन्नास मिनिटं लागतात. तीनला सूर्य चार मुठींवर दिसला तर गच्चीला टेकायला त्याला तासाच्या आत-बाहेर वेळ आहे, हे तिथंच उभं राहून सांगता येतं. मोबाइलवर सन सीकर किंवा सन सर्व्हेयरसारखी अॅप्स कॅमेऱ्यातल्या चित्रावर कोणत्याही तारखेचा सूर्यमार्ग आखून दाखवतात. ती जरूर वापरावीत, फक्त खिडकीच्या लोखंडी गजांना फोन टेकवून नाही. फोनमधलं होकायंत्र लोखंडाजवळ भरकटतं आणि दिशा दहा-वीस अंशांनी सहज चुकते. दोन पावलं मागे येऊन, फोन आठाच्या आकड्यासारखा फिरवून दिशा पुन्हा बघायची. अॅपला सूर्य ठाऊक असतो, समोरच्या गच्चीवर कालच बसवलेली पाण्याची टाकी ठाऊक नसते. म्हणून शेवटी खोलीत बसून तुकडा सरकताना पाहणं आलंच. रेकीला गेलेल्या माणसाने त्या फरशीवर दर पंधरा मिनिटांनी खडूने उन्हाची कड आखावी आणि शेजारी वेळ लिहावी. हा कागद नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

रेकी आणि शूटिंग यांत किती दिवस जातात, यावरही बरंच अवलंबून आहे. आठवडाभरात सूर्य फारसा हलत नाही. 18 जानेवारीला आखलेली कड 25 ला बोटभर सरकलेली असेल. पण रेकी जानेवारीत झाली आणि तारखा एप्रिलअखेरीवर गेल्या, तर सूर्यास्ताची जागा 250 वरून 286 अंशांवर जाते. नैर्ऋत्येचं ऊन वायव्येचं होतं आणि त्या खिडकीतला तुकडा डावीकडून उजवीकडे जातो. ऊन सोडा, जागासुद्धा तीच राहत नाही. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण 1952 च्या ऑक्टोबरमध्ये फुललेल्या काशगवताच्या माळावर सुरू केलं. पुढच्या आठवड्यात युनिट परत आलं तेव्हा गुरांनी गवत फस्त केलेलं होतं. उरलेला प्रसंग पुन्हा काश फुलेपर्यंत थांबला.

तर आपल्या लघुपटाला खरं ऊन मिळतं ते पावणेतीन ते चार, आणि त्यातलं कामाचं ऊन शेवटच्या पाऊण तासात. तीन पानांचा संवाद एवढ्यात उरकत नाही. छायाचित्रकारापुढे मग दोन रस्ते राहतात. पहिला म्हणजे प्रसंग माडीवरून खाली चौकाच्या सोप्यात आणायचा. तिथं थेट ऊन नसतं, पण वरच्या आकाशाचा मऊ उजेड तासन्‌तास जवळपास तसाच राहतो. हा उजेड किती वेगळा असतो, याची साक्ष रायांच्याच 'अपराजितो'मध्ये (1956) आहे. बनारसच्या घराचा चौक उघड्यावर उभारायचा बेत होता. पावसाच्या भीतीने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांना तो कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधावा लागला. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांना प्रश्न पडला, की चौकात वरून झिरपणारा बिनसावलीचा उजेड दिव्यांनी आणायचा कसा. त्यांनी सेटवर आभाळाच्या जागी पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारले. परतून येणारा उजेड चौकातल्यासारखाच पडला. आज लघुपटवाले थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्यावर दिवा मारतात, त्यामागचं तत्त्व तेच.

दुसरा रस्ता म्हणजे उन्हाचा हट्ट धरायचा. आपला दिग्दर्शक हट्टी आहे असं मानू, कारण आजीच्या अंगावरून ऊन निघून जाणं हाच त्याच्या प्रसंगाचा अर्थ आहे. मग चारनंतर खिडकीबाहेरून सूर्याची नक्कल करणारा दिवा लागणार. इथून पुढे प्रश्न उन्हाचा राहत नाही, विजेचा आणि बोळाचा होतो.

असा दिवा म्हणजे 1200 वॅटचा एचएमआय किंवा त्याच्या जवळपास जाणारा मोठा एलईडी. 1200 वॅटचा एचएमआय त्याच्या बॅलास्टसकट साडेतेराशे वॅटच्या आसपास ओढतो. आत दोन छोटे एलईडी पॅनल मिळून 300, मॉनिटर आणि बॅटऱ्यांचे चार्जर 250, वाड्यातला फ्रिज 150. बेरीज साधारण 2050 वॅट. याला 230 व्होल्टने भागलं की 9 अँपियरच्या जरासं खाली उत्तर येतं. घरातला साधा प्लग 6 अँपियरचा, म्हणजे तो 1380 वॅटपर्यंतच. मोठा दिवा त्यावर अगदी काठावर बसतो, त्यामुळे 16 अँपियरचा प्लग शोधावा लागतो. जुन्या वाड्यात असा प्लग बहुधा एकच असतो आणि तो मोरीत गिझरला दिलेला असतो.

म्हणून रेकीत पहिल्यांदा मीटरकडे जायचं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो एक किलोवॅट असेल तर आपण त्याच्या दुप्पट मागतो आहोत, हे मालकाला आधीच सांगितलेलं बरं. मग फ्यूज बघायचे. चिनीमातीच्या जुन्या फ्यूजमध्ये कोणीतरी वैतागून जाड तांब्याची तार घातलेली सापडली, तर ती जागा धोक्याची. तिथं भार वाढला तरी फ्यूज उडणार नाही, आधी भिंतीतली वायर जळेल. लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी वायर, काळवंडलेला सॉकेट, दोनच भोकांचा प्लग म्हणजे अर्थिंगचा पत्ता नाही, या खुणा डोळ्यांनी दिसतात. न दिसणारी गोष्ट तपासायला मल्टिमीटर आणि हजार वॅटची इस्त्री पुरते. प्लगचं व्होल्टेज मोजायचं, इस्त्री लावून पुन्हा मोजायचं. 230 चे 226 झाले तर हरकत नाही. 210 वर घसरले तर वायर बारीक आहे किंवा कुठला तरी सांधा ढिला आहे, आणि तो सांधा तापणार आहे. तारांशी खेळ नको. हे काम इलेक्ट्रिशियनला सोबत नेऊन करावं.

आणि हेही शूटिंगच्या वेळेलाच करायचं. जानेवारीत संध्याकाळी साडेपाच-सहाला शेजारच्या खोलीतले भाडेकरू कामावरून येतात आणि गिझर लावतात. दोन हजार वॅटचा गिझर आणखी पावणेनऊ अँपियर घेतो. दोन्ही बिऱ्हाडं एकाच लाइनवर असली तर बेरीज साडेसतरावर जाते. लोकांना वाटतं, 16 अँपियरचा एमसीबी आहे, लगेच पडेल. तो पडत नाही. एवढ्या थोड्या जास्तीच्या भाराला एमसीबी बराच वेळ दाद देत नाही आणि तेवढा वेळ जुनी वायर तापत राहते. कोणी त्यात इस्त्रीची भर घातली की मात्र तो नेमका टेक चालू असताना पडतो. एचएमआय एकदा विझला की गरम असताना बहुतेक वेळा लगेच पेटत नाही. तो निवेपर्यंत कलाकार, तंत्रज्ञ, आजी, सगळे बसून राहतात.

सकाळी साडेअकराला यातलं काहीच कळत नाही. तेव्हा भाडेकरू कामावर असतात आणि व्होल्टेज छान दिसतं. पुण्यात तर वार पाहणंही आलं. वीजपुरवठ्याच्या देखभालीची कामं इथं बहुधा गुरुवारी निघतात.

मग जनरेटर आणावा का? इथं ध्वनिमुद्रक मान हलवतो. छोटा, शांत म्हणवला जाणारा जनरेटरही सात मीटरवर साठ डेसिबलच्या आसपास आवाज करतो, आणि समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा आवाजही साधारण तेवढाच असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पेठेतल्या बोळात तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत येतो आणि एवढा उतरत नाही. जनरेटर कोपऱ्यापलीकडे, 50 मीटरवर ठेवला तर केबल 50 मीटर लागते. ती बाजारातली बारीक एक चौरस मिलिमीटरची असेल तर 9 अँपियरला तिच्यातच सोळा व्होल्ट गळतात. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती साडेसहा व्होल्टवर येते. केबल पूर्ण उलगडायचीही असते. गुंडाळलेल्या रिळातली वायर भाराखाली तापून वितळल्याचे प्रकार घडतात.

आवाजाची रेकी उजेडापेक्षा जास्त संयम मागते, कारण आवाज दिसत नाही आणि कानाला सवय होते. घरात राहणाऱ्या माणसाला विचारलं तर तो मनापासून सांगतो, 'इथं अगदी शांत असतं हो.' त्याच्या कानाने फ्रिज, पंखा आणि बोळातल्या दुचाक्या कधीच वजा केलेल्या असतात. म्हणून ध्वनिमुद्रकाने शूटिंगच्याच वाराला, त्याच वेळी, हेडफोन लावून खोलीत निदान अर्धा तास गप्प बसायचं आणि प्रत्येक आवाजासमोर वेळ टिपायची. मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण यासाठी पुरेसं नाही. बरेच फोन सततची घरघर आपोआप दाबतात आणि खोली आहे त्याहून शांत असल्याचा भास होतो.

टिपलेल्या आवाजांत भेद करावा लागतो. पंख्याचा किंवा लांबच्या रहदारीचा सतत एकसारखा आवाज फार मोठा नसेल तर पुढे आवरता येतो. खोलीतली शांतता मिनिटभर वेगळी मुद्रित करून घेतली की संकलनात शॉटमधले सांधे बुजतात. अधूनमधून येणारा आवाज जास्त त्रासदायक, कारण आजीच्या वाक्यात कुकरची शिटी आहे आणि लगेच पुढच्या नातवाच्या शॉटमध्ये नाही, असं होतं. सगळ्यांत वाईट ध्वनिक्षेपकावरचं गाणं. प्रत्येक कटला त्याची ओळ उडी मारते आणि वर हक्कांचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

आपली तारीख 25 जानेवारी आहे, हे इथं अंगावर येतं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. जवळपास शाळा असेल तर दुपारी संचलनाची रंगीत तालीम, ढोल, लेझीम आणि माइकवरून शिक्षकांच्या सूचना हे सगळं चालणार. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घालतात. पण शाळेच्या तालमीवर नियमाचं पुस्तक घेऊन जाण्यापेक्षा मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी भेटून तालीम कधी संपते ते विचारावं. ती साडेचारला संपते असं समजलं, तर वेळापत्रकाला एक पक्का खांब मिळतो.

वाड्याचे स्वतःचेही आवाज असतात. माडीची जमीन लाकडी तुळयांवर बेतलेली असते, त्यामुळे कॅमेऱ्यामागे कोणी पाय बदलला तरी फळी करकरते. वरच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर त्यांची पावलं संवादात उतरतात. रिकाम्या खोलीत एकदा टाळी वाजवली की घुमारा कळतो. भिंतींवर गोधड्या आणि सतरंज्या टांगल्या की तो निम्म्याने खाली येतो. फ्रिज टेकच्या वेळी बंद करावा लागतो आणि नंतर चालू करायला सगळे विसरतात. ध्वनिमुद्रकांची त्यावर एक जुनी युक्ती आहे. फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची. फ्रिज उघडल्याशिवाय घरी जाता येत नाही.

मोठी अडचण मात्र खिडकीचीच. वाड्याच्या खिडकीला लाकडी दारं असतात. उघडी ठेवली तर ऊन येतं आणि ऊनाबरोबर बोळही आत येतो. लावली तर शांतता मिळते, पण ऊन जातं. हा पेच रेकीतच दिसला तर सोडवता येतो, शूटिंगच्या दिवशी दिसला तर भांडण होतं. छायाचित्रकार आणि ध्वनिमुद्रक यांनी एकत्र रेकीला जावं ते याचसाठी. इथली तोड अशी निघते, की खिडकी चौकटीत दिसते असे रुंद शॉट खऱ्या उन्हात, कमीत कमी संवादांत घ्यायचे. चेहऱ्यांचे जवळचे शॉट, ज्यांत खिडकी दिसतच नाही, ते दारं लावून, आतल्याच एका छोट्या एलईडीवर घ्यायचे. नातवाचं महत्त्वाचं बोलणं या दुसऱ्या भागात टाकायचं. या एका निर्णयाने विजेचं कोडंही हलकं होतं, कारण बाहेरचा मोठा दिवा आता फक्त ऊन जातानाच्या शेवटच्या शॉटपुरता, तास-दीड तास लागणार आहे.

तोही ठेवायचा कुठे, हे बोळात उतरून बघावं लागतं. खिडकीचा उंबरठा रस्त्यापासून चार मीटर वर आहे. दिव्याला स्टँड त्याहून उंच लागणार आणि त्याचे पाय दीड-दोन मीटर पसरणार. बोळ तीन मीटरचा असेल तर दुचाक्यांना वाट उरत नाही. स्टँडवर वाळूच्या पिशव्या आणि खाली एक माणूस कायमचा उभा हवा. सार्वजनिक रस्ता अडवायचा तर मालकाची परवानगी पुरत नाही. पोलिसांची आणि महापालिकेची लागते. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत एक खिडकी योजना आहे, गोव्यात हे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा बघते. त्यापेक्षा सोपी वाट कधीकधी समोरच्याच इमारतीत असते. तिच्या पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाने गॅलरी वापरू दिली, तर दिवा तिथं बसतो, बोळ मोकळा राहतो आणि त्यांच्याच घरातला वेगळा मीटर मिळतो. वाड्यावरचा भार तेराशे वॅटने एकदम उतरतो. चहा घेऊन तासभर बसायची तयारी मात्र हवी.

प्रवेशाचा विचार करताना लोक गाडी कुठे लागेल एवढंच बघतात. पेठेत गाडीसाठी सम-विषम तारखांचं पार्किंग आणि एकदिशा रस्ते बघावे लागतातच, पण खरी अडचण दिंडी दरवाजाच्या आत सुरू होते. अरुंद दगडी जिना, मध्ये काटकोनात वळण, डोक्याला लागणारी चौकट. सगळ्यांत लांब वस्तू कोणती, तर ट्रॅकचा रूळ किंवा दिव्याचं स्टँड. ती वळणावर फिरते का, हे टेप लावून बघायचं. सामान माडीवर चढायला किती मिनिटं लागतात, ते एक जड पेटी उचलून नेऊन मोजायचं. आणि वाडा कोणाचा, हा प्रश्न पेठेत साधा नसतो. मालकाने होकार दिला तरी चौकात भाडेकरूंची धुणी वाळत असतात, पाणी ठरावीक वेळेला येतं, एखाद्या वारसाचा दावा कोर्टात असतो. होकार लेखी हवा आणि भाडेकरूंना वेगळं विचारायला हवं. वाईजवळच्या मेणवलीत 'स्वदेस'सारख्या (2004) सिनेमांमुळे गावाला युनिटची सवय आहे, नदीकाठी गाड्यांना जागा आहे. पेठेतल्या वाड्यात ती सोय नाही, आणि म्हणूनच तिथं रेकीला एक फेरी जास्त लागते.

या सगळ्यातून 25 जानेवारीचं जे वेळापत्रक निघतं, ते पहिल्या भेटीत डोक्यात आलेल्या वेळापत्रकापेक्षा अगदी वेगळं असतं. युनिट दुपारी चारला नाही, सकाळी अकराला पोचतं. एकपर्यंत सामान वर चढतं, गोधड्या टांगल्या जातात. अडीचपर्यंत जेवण आणि तालीम. तीन ते चार खिडकीचे रुंद शॉट, शाळेचा ढोल वाजत असला तरी चालेल असे. चार ते साडेचार चहा, तोवर समोरच्या गॅलरीतला दिवा उन्हाच्या खडूने आखलेल्या कडेवर जुळवायचा. साडेचारला तालीम थांबली की आधी दिव्यावरचा, ऊन सरकून जाण्याचा शॉट, कारण बाहेर अजून दिवस आहे आणि साडेपाचला भाडेकरूंचे गिझर सुरू होणार आहेत. त्यानंतर मोठा दिवा विझवायचा, खिडकीची दारं लावायची आणि आजी-नातवाचे चेहरे छोट्या एलईडीवर, सातपर्यंत. रात्री आठला चौक झाडून, भाडेकरूंच्या धुण्याच्या दोऱ्या पुन्हा बांधून द्यायच्या.